फायरप्लेस नसलेल्या घरातले मॅन्टल: स्टॉकिंग्जचा भार कपाटावर, भिंतीवर नव्हे

प्रश्न: घरात फायरप्लेस नाही आणि घर भाड्याचे असल्याने भिंतीला छिद्रे पाडता येत नाहीत. बैठकीच्या खोलीत 120 सेंटिमीटर रुंद, 40 सेंटिमीटर खोल आणि 76 सेंटिमीटर उंच असे एक लाकडी कपाट आहे. नाताळसाठी चौघांची स्टॉकिंग्ज टांगून मॅन्टलसारखी, म्हणजे फायरप्लेसच्या वरच्या फळीसारखी, सजावट करायची आहे. गेल्या वर्षी वजनाचे होल्डर आणले होते, पण स्टॉकिंग्ज भरल्यावर ते घसरून खाली आले. आता अडीच वर्षांचे मूल घरात आहे. काय करावे?

उत्तर:

त्या कपाटालाच मॅन्टल करावे असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्यासाठी कपाटाच्या वर त्याच्यापेक्षा थोडी मोठी, पुढे आलेली एक सुटी फळी ठेवावी. स्टॉकिंग्ज त्या फळीच्या खालच्या बाजूला बसवलेल्या आकड्यांना टांगायची. भिंतीला हात लावावा लागत नाही, कपाटाला एकही छिद्र पडत नाही आणि नाताळ संपला की फळी उचलून ठेवता येते. मात्र ही फळी किती पुढे यावी, आकडे नेमके कुठे यावेत आणि भरलेल्या स्टॉकिंगचे वजन किती असावे, हे आधी ठरवले नाही तर गेल्या वर्षीचाच प्रकार पुन्हा घडेल. म्हणून होल्डर का पडले, हे पाहून मग पुढे जाऊ.

वजनाचा होल्डर दिसायला भक्कम असतो, कारण तो हातात जड लागतो. पण त्याचे काम चालते ते तराजूसारखे. फळीची कड हा त्याचा टेकू, कडेच्या मागचे वजन एका पारड्यात आणि कडेच्या पुढे लोंबणारा आकडा दुसऱ्या पारड्यात. समजा होल्डरचे वजन 1 किलो आहे, त्या वजनाचा मध्य कडेपासून 4 सेंटिमीटर मागे आहे आणि आकडा कडेच्या 2 सेंटिमीटर पुढे आहे. मग मागची बाजू 1 गुणिले 4, म्हणजे 4, आणि पुढची बाजू स्टॉकिंगचे वजन गुणिले 2. स्टॉकिंग 2 किलोचे झाले की दोन्ही बाजू सारख्या होतात आणि त्यानंतर नुसता धक्का लागला तरी होल्डर पुढे कलंडतो. रिकामे स्टॉकिंग जेमतेम 100 ते 200 ग्रॅमचे असते, त्यामुळे महिनाभर सारे काही ठीक दिसते. नाताळच्या आदल्या रात्री स्टॉकिंग भरले जाते आणि सकाळी कोणीतरी आत हात घालून खाली ओढते, तेव्हा खरी परीक्षा होते. शिवाय गुळगुळीत रंगाच्या किंवा पॉलिशच्या पृष्ठभागावर होल्डर कलंडण्याच्या आधीच घसरू लागतो. खाली रबरी जाळी घातल्याने घसरणे थांबते, कलंडणे थांबत नाही. अडीच वर्षांचे मूल स्टॉकिंग ओढणार हे गृहीतच धरायला हवे, आणि तेव्हा धातूचा किलोभर वजनाचा ठोकळा त्याच्या डोक्यावर येता कामा नये. तेवढ्यासाठी तरी ते होल्डर या वर्षी वापरू नयेत.

आता फळीकडे वळू. साधारण 18 मिलिमीटर जाडीचे प्लायवूड घ्यावे आणि ते 130 सेंटिमीटर लांब व 46 सेंटिमीटर रुंद असे कापून आणावे. कपाटावर ठेवल्यावर दोन्ही बाजूंना 5-5 सेंटिमीटर आणि पुढच्या बाजूला 6 सेंटिमीटर फळी बाहेर येईल. मागची कड कपाटाच्या मागच्या कडेशी जुळलेली असावी. एवढ्या फळीचे वजन साधारण 6 किलो भरते. आकडे फळीच्या पुढच्या कडेला न लावता खालच्या बाजूने, कपाटाच्या दर्शनी भागापासून 4 सेंटिमीटरवर बसवावेत. म्हणजे आकड्यांच्या पुढेही फळीची 2 सेंटिमीटर कड उरते, ती आकडे झाकते आणि समोरून स्टॉकिंग्ज फळीखालून उतरल्यासारखी दिसतात.

हीच आकडेमोड फळीला लावून पाहा. टेकू आता कपाटाची पुढची कड आहे. फळीचा मध्य तिच्या मागच्या कडेपासून 23 सेंटिमीटरवर, म्हणजे टेकूच्या 17 सेंटिमीटर मागे येतो. मागची बाजू 6 गुणिले 17, म्हणजे 102. पुढे प्रत्येकी 1 किलोची चार स्टॉकिंग्ज 4 सेंटिमीटरवर टांगली आहेत, म्हणजे 4 गुणिले 4, एकूण 16. हे प्रमाण सहापटीहून जास्त आहे. समजा 13 किलोचे मूल एखाद्या स्टॉकिंगला पूर्णपणे लोंबकळले, तर आणखी 52 वाढतील आणि बेरीज 68 होईल. तरीही फळी जागची हलणार नाही, आणि वर ठेवलेल्या सजावटीचे वजन तर अजून मोजलेलेच नाही. या हिशोबाचा एक अर्थ ध्यानात ठेवावा: फळीचा जितका जास्त भाग कपाटावर मागे टेकलेला, तितकी ती सुरक्षित. पुढे येणारा भाग सुंदर दिसतो म्हणून तो 6 ऐवजी 15 सेंटिमीटर करण्याचा मोह होतो. तसे केले की आकडे टेकूपासून दूर जातात आणि हिशोब झपाट्याने उलटतो. अरुंद फळी कपाटाच्या केवळ पुढच्या भागावर ठेवणेही त्याच कारणाने टाळावे.

फळीखाली दोन पट्ट्या न घसरणाऱ्या रबरी जाळीच्या घालाव्यात, एक पुढच्या कडेजवळ आणि एक मागे. त्यामुळे फळी सरकत नाही आणि कपाटाच्या पॉलिशवर ओरखडेही उठत नाहीत. कपाट स्वतः पुढे कलंडते का, तेही एकदा पाहावे. दारांचे, आत सामान भरलेले, 76 सेंटिमीटर उंचीचे कपाट सहसा जागचे हलत नाही. पण त्याला खण असतील आणि मूल ते खण एकदम बाहेर ओढू शकत असेल, तर वरून फळीचा भार असताना ती गोष्ट धोक्याची ठरते. जड सामान तळाच्या खणांत ठेवावे आणि त्या दिवसांपुरते खण कुलूप किंवा बाल-सुरक्षा पट्टी लावून बंद ठेवावेत. तसेही स्टॉकिंग्ज समोर लोंबत असताना दारे उघडता येणार नाहीत, त्यामुळे रोज लागणारे सामान आधीच दुसरीकडे हलवावे लागेल.

आकडे म्हणून गोल वळणाचे, एका टोकाला स्क्रूचे आटे असलेले कप हूक घ्यावेत. त्यांच्या आट्यांची लांबी 12 मिलिमीटरच्या आसपास असावी, म्हणजे 18 मिलिमीटरच्या प्लायवूडमधून ते वर निघत नाहीत. आधी बारीक छिद्र पाडून मग हाताने फिरवत बसवले की प्लायवूडचे थर फाटत नाहीत. उघड्या तोंडाचे साधे आकडे नकोत, कारण मूल स्टॉकिंग वर उचलून पाहते तेव्हा फीत त्यांच्यावरून सहज निसटते. वळण जवळजवळ बंद असलेले कप हूक ती फीत धरून ठेवतात.

आकड्यांमधले अंतर ठरवताना बहुतेकांचे मोजमाप चुकते. सगळे स्टॉकिंगच्या वरच्या तोंडाची रुंदी मोजतात, जी साधारण 18 सेंटिमीटर असते, आणि चार स्टॉकिंग्जसाठी एक मीटर पुरेल असे धरतात. प्रत्यक्षात पाऊल बाहेर येते आणि टाचेच्या बाजूपासून चवड्याच्या टोकापर्यंत एकूण रुंदी 28 ते 30 सेंटिमीटर भरते. मोजायची ती ही रुंदी. ती 29 धरली तर चौघांचे 116 सेंटिमीटर होतात, त्यात प्रत्येक दोहोंमध्ये 3 सेंटिमीटर मोकळी जागा सोडली तर 125. आपल्या 130 सेंटिमीटरच्या फळीत हे नेमके बसते. यापेक्षा दाटी झाली की एकाचा चवडा दुसऱ्याच्या टाचेवर चढतो आणि सगळी रांग गबाळी दिसते. पाचवे स्टॉकिंग लागणार असेल तर ते याच रांगेत कोंबू नये. त्याच्यासाठी कपाटाच्या बाजूला बाहेर आलेला फळीचा 5 सेंटिमीटरचा भाग वापरावा.

दुसरी गोष्ट त्याहून बारीक आहे, पण डोळ्याला लगेच जाणवते. सगळी पावले एकाच दिशेला, समजा उजवीकडे, वळलेली असतात. स्टॉकिंगची फीत वरच्या तोंडाच्या मध्यावर असेल तर त्या फितीच्या डावीकडे 9 सेंटिमीटर कापड आणि उजवीकडे चवड्यापर्यंत 20 सेंटिमीटर असते. अशा वेळी आकडे फळीच्या मध्याच्या दोन्ही बाजूंना समसमान अंतरावर लावले, उदाहरणार्थ डाव्या कडेपासून 17, 49, 81 आणि 113 सेंटिमीटरवर, तर आकड्यांची रांग मधोमध येते, पण स्टॉकिंग्जची येत नाही. शेवटचा चवडा 133 सेंटिमीटरवर जातो, म्हणजे फळीच्या 3 सेंटिमीटर बाहेर, आणि डावीकडे 8 सेंटिमीटर जागा मोकळी पडते. पाहणाऱ्याला नेमके काय खटकते ते सांगता येत नाही, पण रांग एका बाजूला सरकल्यासारखी वाटते. म्हणून आकडे 12, 44, 76 आणि 108 सेंटिमीटरवर लावावेत. मग डावीकडे 3 आणि उजवीकडे 2 सेंटिमीटर उरतात आणि रांग फळीखाली सरळ बसते. तुमच्या स्टॉकिंग्जची मापे वेगळी असतील, तर ती जमिनीवर ओळीने मांडून, मोकळी जागा समान करून, फितीच्या जागा टेपने मोजाव्यात आणि त्याच फळीवर उतरवाव्यात. हिशोबापेक्षा ही पद्धत सोपी आहे.

आता त्या फितीबद्दल. विकत मिळणाऱ्या बऱ्याच स्टॉकिंग्जना फीत टाचेच्या बाजूच्या शिवणीवर, म्हणजे अगदी कोपऱ्यात शिवलेली असते. स्टॉकिंग रिकामे असते तोवर ते चालते. भरल्यावर मात्र वजनाचा मध्य फितीच्या सरळ रेषेत खाली येऊ पाहतो, त्यामुळे सगळे स्टॉकिंग फिरते, चवडा आत खेचला जातो आणि तोंडाची पुढची बाजू खाली झुकते. वरच ठेवलेल्या छोट्या वस्तू अशा झुकलेल्या तोंडातून बाहेर पडतात. यावर उपाय म्हणजे तोंडाच्या आतल्या बाजूला, मागच्या कापडाच्या मध्यावर दुसरी फीत शिवणे. त्यासाठी साधारण दीड सेंटिमीटर रुंदीची सुती पट्टी दुमडून घ्यावी आणि तिची दोन्ही टोके चौकोनी टाक्यांनी पक्की करावीत. नुसत्या सॅटिनच्या फितीला गाठ मारून टांगू नये, कारण गुळगुळीत धाग्याची गाठ भाराखाली हळूहळू सुटते.

विणलेली लोकरी स्टॉकिंग्ज दिसायला सर्वांत सुरेख असतात, हे मलाही मान्य आहे, पण ती ताणली जातात. फीत आणि आकडा धरून 55 सेंटिमीटर खाली येणारे स्टॉकिंग तुमच्या कपाटावरून जमिनीच्या 21 सेंटिमीटर वर राहील. किलोभर वजनाने सैल विणीचे स्टॉकिंग आणखी खाली उतरते, आणि अस्तर नसेल तर एकेका वस्तूचे कोपरे विणीतून बाहेर डोकावतात. आतून सुती कापडाचे अस्तर शिवले आणि ते लोकरीच्या पिशवीपेक्षा किंचित आखूड ठेवले, तर भार अस्तरावर येतो आणि विणकाम फक्त दर्शनी आवरण म्हणून राहते. फेल्ट किंवा जाड मखमलीच्या स्टॉकिंगला हा त्रास नाही. ती अस्तराशिवायही आकार टिकवतात.

स्टॉकिंग जमिनीच्या इतके जवळ आल्याने मॅन्टलचा रुबाब जातो की काय, अशी शंका येऊ शकते. खऱ्या मॅन्टलची फळी बहुधा 120 ते 140 सेंटिमीटर उंचीवर असते, आणि आपली आहे 78. ही उणीव वरच्या मांडणीने भरून काढायची असते, फळी उंच करून नव्हे. घरात लहान मूल असताना तर मी कमी उंचीच पसंत करीन, कारण जे काही पडेल ते फार उंचावरून मुलाच्या डोक्यावर पडणार नाही आणि मुलाला आपले स्टॉकिंग खुर्चीवर न चढता पाहता येईल.

फायरप्लेसमुळे त्या जागेला दोन गोष्टी मिळतात. फळीची सलग आडवी रेघ आणि तिच्या खाली काळोखी पोकळी. उजळ रंगाची स्टॉकिंग्ज त्या काळोखामुळे उठून दिसतात. कपाट फिकट रंगाचे असेल आणि स्टॉकिंग्जही पांढरी किंवा फिकट असतील, तर दोन पावलांवरून सगळे एकमेकांत मिसळून जाते. भाड्याच्या घरात कपाट रंगवण्यापेक्षा गर्द हिरवा, तपकिरी किंवा निळसर काळा जाड कागद कपाटाच्या दारांच्या मापाने कापावा आणि रंग न उपटणाऱ्या कागदी चिकटपट्टीने कडांना लावावा. कपाट आधीच गर्द असेल तर काहीही करू नये, फक्त स्टॉकिंग्ज उजळ निवडावीत. या पोकळीचा आभास आणण्यासाठी छापील विटांचा कागद किंवा ज्वाळांचे चित्र लावतात, ते मला पटत नाही. नसलेली आग दाखवायला गेले की तिचे नसणेच अधिक जाणवते. गर्द पार्श्वभूमी आणि आडवी रेघ एवढ्यावर ही रचना पूर्ण उभी राहते.

फळीच्या वर एकच मोठी वस्तू मध्यभागी असावी आणि तिचे वरचे टोक उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीजवळ, म्हणजे 150 ते 160 सेंटिमीटरच्या दरम्यान यावे. म्हणजे ती वस्तू 75 ते 80 सेंटिमीटर उंच हवी. बहुतेक जण इथे आरसा टेकवून ठेवतात. लहान मुलाच्या घरात काच नको. त्याऐवजी 80 सेंटिमीटर उंच आणि 70 रुंद अशी हलकी लाकडी चौकट घेऊन तिच्यावर गर्द सुती कापड ताणून बसवावे आणि त्यावर 45 ते 50 सेंटिमीटर व्यासाचे हिरवे वर्तुळाकार तोरण बांधावे. तेच फिकट भिंतीसमोर टांगले असते तर हरवले असते, पण कापडाच्या पार्श्वभूमीवर त्याची प्रत्येक फांदी दिसते. चौकटीचा पाया भिंतीपासून 4-5 सेंटिमीटर पुढे ठेवून ती मागे टेकवावी आणि वरच्या कडेला पातळ दोरा बांधून तो भिंतीवरच्या एका चिकट आकड्याला अडकवावा. हा आकडा चौकटीचा भार पेलत नाही, फक्त तिला पुढे पडू देत नाही, त्यामुळे एवढे काम त्याला सहज जमते.

दोन्ही बाजूंना समसमान वस्तू ठेवण्याची गरज नाही. एका बाजूला वेगवेगळ्या उंचीच्या तीन बॅटरीच्या मेणबत्त्या आणि दुसऱ्या बाजूला एकच उंच, अरुंद वस्तू ठेवली की मांडणी मोकळी दिसते. खऱ्या मेणबत्त्या मात्र इथे अजिबात लावू नयेत. समोर सुक्या फांद्यांची किंवा प्लॅस्टिकची माळ, खाली लोकरीची आणि कागद भरलेली स्टॉकिंग्ज आणि त्यांना ओढणारे मूल, असे सगळे एका हाताच्या अंतरात असते. खोलीत हीटर असेल तर तोही या मांडणीपासून किमान 1 मीटर दूर ठेवावा.

माळेच्या लांबीचा हिशोब सरळ आहे. फळी 130 सेंटिमीटर आणि दोन्ही बाजूंना 20-20 सेंटिमीटर उतार धरले तर 170 होतात. माळ सरळ काठीसारखी न टाकता थोडी वळणे घेत टाकायची असते, त्यात आणखी काही सेंटिमीटर जातात, म्हणून 180 सेंटिमीटरची माळ घ्यावी. 270 सेंटिमीटरचीही मिळते आणि ती उंच मॅन्टलवर दोन्ही बाजूंनी सुंदर झोकात उतरते. पण इथे तिची टोके जवळजवळ जमिनीपर्यंत पोहोचतील आणि मुलाच्या हातात एक दोरच मिळेल. माळ फळीच्या अगदी कडेवर ठेवली की तिचा भार पुढे येतो आणि ती रात्रीतून खाली घसरते. तिची मधली तार कडेपासून 6-7 सेंटिमीटर मागे असावी आणि फक्त फांद्या कडेवरून पुढे याव्यात. फळीच्या वरच्या बाजूला तीन ठिकाणी छोटे गोल डोळ्याचे स्क्रू बसवून माळेची तार त्यांना बारीक तारेने बांधली म्हणजे ती ओढली तरी जागची हलत नाही. कृत्रिम माळ पेटीतून चपटी निघते. तिच्या फांद्या एक वर, एक पुढे, एक खाली अशा हाताने वळवाव्यात. भिंतीकडच्या फांद्या चपट्याच राहू द्याव्यात, म्हणजे माळ गोल लोळत नाही. खऱ्या फांद्यांची माळ घेतली तर ती गरम खोलीत लवकर सुकते. फांदी वाकवल्यावर न लवता कटकन मोडू लागली आणि हात फिरवताच सुया गळू लागल्या की ती काढून टाकावी.

दिव्यांसाठी बॅटरीवर चालणारी एलईडी माळ पुरेशी आहे. दोन मीटरपेक्षा कमी लांबीच्या माळेला 100 दिवे भरपूर होतात. त्यांचा रंग पिवळसर पांढरा, म्हणजे 2700 केल्विनच्या आसपास असावा, निळसर पांढरा नको. दिवे फांद्यांच्या टोकांवर गुंडाळण्याआधी अर्धी लांबी मधल्या तारेजवळ आत खोल फिरवावी. आतून येणाऱ्या प्रकाशामुळे माळ भरीव दिसते आणि उरलेली अर्धी लांबी टोकांवर पसरली की पुरे. 6 तास चालू आणि 18 तास बंद असे वेळापत्रक असलेली पेटी घेतली तर रोज हात लावावा लागत नाही. ही पेटी चौकटीच्या मागे लपवावी आणि तिचे झाकण स्क्रूने बंद होणारेच असावे. छोट्या मेणबत्त्यांमध्ये बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या असतात. त्या मुलाने गिळल्या तर अन्ननलिकेला काही तासांतच गंभीर इजा होते, म्हणून सहज उघडणाऱ्या झाकणाच्या मेणबत्त्या या फळीवर नकोतच.

स्टॉकिंग्ज टांगल्यापासून नाताळपर्यंत रिकामीच असतात आणि रिकामे स्टॉकिंग वाळत घातलेल्या कपड्यासारखे चपटे दिसते. चवड्यात आणि टाचेत चुरगळलेला पातळ कागद भरावा, वरचा अर्धा भाग मोकळा सोडावा. वजन वाढत नाही आणि पावलाला गोलाई येते. प्रत्यक्ष भरताना तो कागद चवड्यातच राहू द्यावा. चवड्यात जड वस्तू गेली की मघाशी सांगितल्याप्रमाणे स्टॉकिंग फिरते. जड वस्तू टाचेत, फितीच्या बरोबर खाली ठेवावी, पुस्तकासारखी चपटी वस्तू मागच्या कापडाला लावून उभी घालावी आणि हलक्या, मऊ वस्तू समोर व वर ठेवाव्यात. भरलेले प्रत्येक स्टॉकिंग टांगण्याआधी वजनकाट्यावर ठेवून पाहावे. 1 किलोच्या वर गेले तर सर्वांत जड वस्तू बाहेर काढून कपाटाच्या पायाशी ठेवावी आणि तिच्यावर नावाची चिठ्ठी बांधावी. फळी त्याहून जास्त पेलू शकते, हे हिशोबात दिसलेच, पण फितीची शिवण आणि लोकरीची वीण तेवढी पेलतील असे नाही.

तुमच्याकडे हे कपाट नसते तर मी खिडकी सुचवली असती. स्टॉकिंग आणि धुराडे यांची जोडी आपल्याला अतूट वाटते. पण ज्या संत निकोलसच्या कथेशी ही प्रथा जोडली जाते, तिच्या जुन्या रूपात तो गरीब बापाच्या तीन मुलींसाठी सोन्याची थैली रात्री खिडकीतून आत टाकतो. धुराडे आणि वाळत घातलेले मोजे कथेत नंतर आले. तेव्हा खिडकीच्या चौकटीत लाकडी दांडी घट्ट बसवून तिला स्टॉकिंग्ज टांगणे हे तडजोडीचे काम समजू नये. ताणून बसणाऱ्या दांडीवर मात्र रिकामी किंवा कागद भरलेली स्टॉकिंग्जच टांगावीत, कारण तिला धरून ठेवते ते केवळ दोन्ही टोकांचे घर्षण, आणि खाली ओढल्यावर ती सरकते. जिन्याच्या कठड्यावर टांगायची असतील तर ती उभ्या गजांना, जिन्याच्या बाहेरच्या बाजूने बांधावीत. हाताने धरायचा वरचा कठडा आणि पाय ठेवायच्या पायऱ्या पूर्ण मोकळ्या राहिल्या पाहिजेत.

भिंतीवर थेट चिकट आकडे लावणे हा शेवटचा पर्याय आहे. चिकट पट्टी भिंतीला समांतर ओढ चांगली सोसते, पण वरची कड भिंतीपासून सोलली जाणे तिला सोसत नाही, आणि पुढे आलेल्या आकड्याला जाडजूड स्टॉकिंग टांगले की नेमके तेच होते. लावायच्या असतील तर जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी, पट्टी 30 सेकंद दाबून धरावी आणि निदान तासभर तिच्यावर काही टांगू नये. नुकत्याच रंगवलेल्या, खडबडीत किंवा वॉलपेपर लावलेल्या भिंतीवर हे आकडे टिकत नाहीत. पट्टीची वरची कड किंचित सुटून तिथे बारीक सावली दिसू लागली तर स्टॉकिंग लगेच उतरवावे. काढताना पट्टीचे शेपूट भिंतीला लागून सरळ खाली, सावकाश ताणावे. स्वतःकडे ओढले तर रंगाचा पापुद्रा निघतो आणि घरमालकाला उत्तर द्यावे लागते.

नाताळनंतर फळी मोडीत काढू नये. आकडे फिरवून काढावेत, त्यांच्या छिद्रांशेजारी फळीच्या खालच्या बाजूला पेन्सिलने प्रत्येकाचे नाव लिहावे आणि फळी कपाटाच्या मागे उभी सरकवून ठेवावी. लोकरी स्टॉकिंग्ज टांगलेली न ठेवता सपाट घडी घालून, चवड्यातल्या कागदासह पेटीत ठेवावीत.